एका चमच्यात अख्खं पातेलं कसं कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीला नमुना निवडीचा धडा सुरू करताना मी दरवर्षी फळ्यावर एकच वाक्य लिहितो: 'सूप चाखायला एक चमचा पुरतो.' बहुतेक मुलं ते निमूट उतरवून घेतात. दोन वर्षांपूर्वी खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. तो हात वर्षभर फारसा खाली आलाच नाही. तिने विचारलेले प्रश्न नंतरच्या तुकड्यांतली मुलंही विचारतात, कधी त्यांचे पालकही चिठ्ठी पाठवतात. म्हणून ते एकत्र लिहून काढले. तिचं-माझं बोलणं जिथे नीट आठवतं, तिथे ते तसंच ठेवलं आहे.

१. सर, एवढ्याशा चमच्यात अख्ख्या पातेल्याची चव येते कशी?

आधी मिठाचं पाहू, कारण चाखताना आपण बहुधा तेच तपासत असतो. लिटरभर सुपात साधारण १० ग्रॅम मीठ घातलं, तर ५ मिलीच्या चहाच्या चमच्यात त्यातलं ०.०५ ग्रॅम येतं, म्हणजे अगदी चिमटीच्या टोकावर मावेल एवढं. पण त्यात सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्या किती? ५ वर २० शून्यं. इतक्या प्रचंड संख्येने कण आले की एका चमच्यात जरा जास्त, दुसऱ्यात जरा कमी, हा फरक जिभेलाच काय, प्रयोगशाळेतल्या काट्यालाही कळत नाही.

यात एक अट मात्र आहे. मीठ विरघळलेलं हवं आणि सूप ढवळलेलं हवं. ही अट मी स्वतः एकदा विसरलो होतो. वसतिगृहात असताना आमच्या मेसमध्ये कढीवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं. आचाऱ्याने नुकतंच मीठ टाकलं होतं, मी वरच्यावर चमचा बुडवून चाखलं आणि 'अळणी आहे' म्हणून आणखी मूठभर टाकायला लावलं. पहिली पंगत ठीक जेवली. तळाची कढी वाट्याला आलेल्या दुसऱ्या पंगतीने मला नावानिशी हाका मारल्या. चमच्याचं सगळं श्रेय खरं तर आधी फिरलेल्या पळीचं असतं.

२. 'शितावरून भाताची परीक्षा' म्हणजे हेच ना?

जवळजवळ. पण भात आपण ढवळत नाही, शितं मोडतात. मग एक शीत दाबून भात झाला की नाही हे कशावर सांगतो? सगळे तांदूळ एकाच पोत्यातले, एकाच पाण्यात, एकाच आचेवर असतात, या भरवशावर. शितं मुळातच एकमेकांसारखी असतील तर एकही पुरतं. त्यात नवा आणि जुना तांदूळ मिसळून टाका, मग पहा. नवा मऊ होऊन चिकटायला लागतो आणि जुना अजून दाताखाली लागतो. तिथे एका शितावर विसंबणारी सून सासूच्या तावडीत सापडते. नमुना किती मोठा घ्यायचा हे ठरतं ते आतल्या वस्तू एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत यावरून.

३. पातेलं मोठं झालं तर चमचाही मोठा नको का?

खिडकीजवळच्या मुलीचा पहिला प्रश्न हाच होता, आणि माझ्या मते या धड्यातला सगळ्यांत चांगला प्रश्नही हाच.

"सर, घरच्या पातेल्यातून एक चमचा घेतला तर ठीक आहे. पण लग्नाच्या कढईतून तेवढाच चमचा? ते बरोबर नाही वाटत."

"तुझ्या घरी लग्न झालंय का इतक्यात?"

"ताईचं. दिवाळीनंतर."

"मग आचाऱ्याने चाखायला काय घेतलं होतं?"

ती थोडा वेळ थांबली. "पळीतून हातावर थेंबभर घेतलं, सर."

"आणि तुझी आई घरी?"

"तेवढंच." मग तिनेच पुढे विचारलं, "पण हे मिठाचं झालं. माणसांचं काय?"

माणसांकडे वळू. समजा, एका पुलाला लोकांचा पाठिंबा किती आहे हे जाणून घ्यायचं आहे आणि आपण चिठ्ठ्या टाकून १,००० जण निवडून त्यांना विचारलं. गाव १०,००० लोकांचं असेल, तर येणाऱ्या टक्केवारीत वरखाली सुमारे २.९ टक्क्यांची चूक धरावी लागते. आता गावाच्या जागी अख्खा महाराष्ट्र घ्या. २०११च्या जनगणनेत तो ११ कोटी २४ लाखांचा होता. तिथेही त्याच १,००० जणांवर चूक धरायची सुमारे ३.१ टक्के. पातेलं अकरा हजार पटींहून मोठं झालं आणि चूक वाढली ०.२ टक्के.

पातेल्याचा आकार लक्षात घ्यावा लागतो तो एकाच वेळी, चमचाच पातेल्याएवढा व्हायला लागला की. २,००० जणांच्या वाडीत १,००० जणांना विचारलं तर चूक २.२ टक्क्यांवर येते, कारण निम्मं सूप आपण पिऊनच टाकलेलं असतं. बाकी वेळी 'एवढ्या मोठ्या राज्यात फक्त हजार जणांना विचारलं!' असं कोणी तावातावाने म्हणालं, तर त्याला लग्नातल्या आचाऱ्याची आठवण करून द्या.

४. मग चमचा नेमका केवढा घ्यायचा?

तुम्हाला चूक किती चालणार आहे, यावरून. हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला १०० जणांना विचारलंत तर वरखाली सुमारे १० टक्के, ४०० जणांना विचारलंत तर ५, आणि १,६०० जणांना विचारलंत तर अडीच. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. त्यामुळे सर्वेक्षण करणारे हजार-दोन हजारांच्या आसपास थांबतात. त्यापुढे एकेक टक्का फार महाग पडतो.

५. तुम्हाला खरं उत्तर माहीतच नाही, मग चूक ३ टक्के आहे हे कुठून कळलं?

हा प्रश्न दरवर्षी उशिराच येतो, आणि जो विचारतो त्याला धडा कळलेला असतो. मी उत्तर देत नाही, डबा काढतो.

माझ्याकडे एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात ५,००० वाटाणे आहेत, १,५०० हिरवे आणि ३,५०० पांढरे. म्हणजे हिरवे ३० टक्के. हे मला माहीत असतं, मुलांना नाही. एकेकाने पुढे यायचं, डबा खळखळून हलवायचा, डोळे मिटून १०० वाटाणे काढायचे, हिरवे मोजायचे, आकडा फळ्यावर लिहायचा आणि वाटाणे परत डब्यात टाकायचे. फळ्यावर आकडे पडत जातात: २८, ३३, २५, ३१, ३६, २९... तीस-पस्तीस मुलांचं झालं की दिसतं की जवळजवळ सगळे आकडे २१ ते ३९ च्या मध्ये आहेत. एखादाच बाहेर गेलेला असतो, आणि तो काढणाऱ्याला बाकीचे हसतात.

"म्हणजे चूक साधारण ९," ती म्हणाली. "पण सर, हे तीस वेळा काढल्यावर कळलं. खऱ्या सर्वेक्षणात तर एकदाच काढतात."

"एकाच वेळी काढलेल्या आकड्यातूनही कळतं. तुझा किती आला होता?"

"२५."

"शंभरात २५ हिरवे, ७५ पांढरे. २५ ला ७५ ने गुण, १०० ने भाग, मग वर्गमूळ काढ."

"४.३."

"त्याची दुप्पट?"

"साडेआठच्या आसपास." तिने फळ्याकडे पाहिलं. "आणि ज्याचा ३६ आला त्याचे?"

त्याचं येतं ४.८, दुप्पट ९.६. खऱ्या ३० वरून काढलं तर ४.६ आणि ९.२. नमुना उत्तर सांगताना थोडा चुकला, तरी आपण कितीपर्यंत चुकू शकतो हे तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो. हे जमतं कारण वाटाणे काढताना ते कसे निघतील यावर कोणाचाच हात नव्हता. डबा हलवलाच नसता, किंवा कोणी डोळे उघडे ठेवून निवडले असते, तर हेच गणित तसंच्या तसं करता आलं असतं आणि त्याला काडीचाही अर्थ राहिला नसता. (माणसांच्या बाबतीत डबा हलवायचा कसा, ते प्रश्न ६ मध्ये.)

हेही लक्षात ठेवा की दर वीस मुलांमागे साधारण एकाचा आकडा त्या हद्दीबाहेर जातोच. ती त्याची चूक नसते.

६. माणसांना ढवळायचं कसं? पळी तर नाही फिरवता येत.

माणसं आहेत तिथेच राहतात, चमचाच आंधळा करतात. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची माहीत असलेली संधी द्यायची आणि निवड चिठ्ठीवर सोडायची. 'येईल त्याला विचारलं' याला चिठ्ठी म्हणत नाहीत. कॉलेजच्या दारात उभं राहून विचारलं की जे कॉलेजला येतात तेच सापडतात, आणि त्यातही आपल्याकडे बघून हसणारे.

शेतात हे कसं करतात ते आपल्याकडे पिकाचं उत्पन्न मोजायला केल्या जाणाऱ्या पीक कापणी प्रयोगात पाहायला मिळतं. गावातले गट क्रमांक यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या आलेल्या, आकड्यांनी निवडतात. शेतात गेल्यावर नैऋत्येच्या कोपऱ्यावर उभं राहायचं आणि आणखी दोन यादृच्छिक आकडे घ्यायचे. एका आकड्याइतकी पावलं लांबीच्या दिशेने, दुसऱ्याइतकी रुंदीच्या दिशेने चालायचं. जिथे पोहोचाल तिथे ठरलेल्या मापाचा आयत आखायचा, मग तिथलं पीक तरारलेलं असो वा करपलेलं. शेतकरी बांधावरून म्हणतोच, 'साहेब, तिकडे बघा, तिकडे जास्त नुकसान आहे.' त्याचं खरंही असतं. पण पाय त्या दिशेला वळले की प्रयोग तिथेच संपला.

७. पण नीट ढवळलं नसेल तर मोठा चमचा घेऊन भरपाई करता येते का?

नाही. याचा सगळ्यांत महागडा धडा अमेरिकेत १९३६ साली मिळाला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना पत्रं पाठवली. पत्ते घेतले टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींसारख्या ठिकाणांहून. सुमारे २४ लाख उत्तरं परत आली. चमचा खूपच मोठा होता. त्यावरून त्यांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के मतांनी आले, आणि ४८ पैकी दोनच राज्यं लँडन यांच्याकडे गेली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५०,००० जणांवरून रूझवेल्ट जिंकतील असं बरोबर सांगितलं होतं.

मंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार कोणाकडे होती, याचा विचार केला की अर्धं कोडं सुटतं. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पत्र मिळालेल्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नाही. आणि उत्तर न देणारे हे देणाऱ्यांसारखे नव्हते, त्यांच्यात रूझवेल्ट यांच्या बाजूचे जास्त होते. वरच्यावरून चमचा घेतला की तो पिंपाएवढा असला तरी वरचाच राहतो. प्रश्न ४ मधली गणितं इथे लागूच होत नाहीत. त्या हिशेबाने २४ लाखांवर चूक ०.१ टक्क्याहूनही कमी यायला हवी होती.

८. चमच्याच्या काठाला जे लागतं, ते धरायचं की पुसायचं?

हे कोणी थट्टेने विचारलं होतं, पण त्यावर आपल्या देशात मोठा वाद झाला आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या आणि इतर पिकांच्या पाहण्या केल्या. त्यांचा कल शेतातले लहान तुकडे पण भरपूर ठिकाणी कापण्याकडे होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात मोजून दाखवलं की फार लहान तुकड्यांतून पिकाचं उत्पन्न फुगून दिसतं.

कारण काठ. सीमेच्या दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात बहुधा ते आतच घेतो. मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं. समजा, चारही बाजूंना फक्त २ सेंटिमीटर पट्टी जास्त कापली गेली. तुकडा १ मीटर बाय १ मीटरचा असेल तर तो १.०४ बाय १.०४ झाला, म्हणजे उत्पन्न ८ टक्क्यांनी फुगलं. तुकडा ५ बाय ५ चा असेल तर हीच चूक दीड टक्क्याच्या आसपास राहते. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने काठच जास्त असतो.

आणि ही चूक हजार ठिकाणी कापून जात नाही. प्रत्येक ठिकाणी ती त्याच बाजूला होते, त्यामुळे सरासरीतही तशीच उरते. पिकाचा विमा ज्या आकड्यांवर मिळतो तिथे ८ टक्के फुगवटा म्हणजे कोणाच्या तरी खात्यात न आलेले पैसे असतात.

९. सुपात शेंगदाणे आहेत का, हेही एका चमच्यात कळेल?

इथे चमचा हरतो. १० लिटरच्या पातेल्यात २०० दाणे टाकून छान ढवळलं, तर लिटरमागे २० दाणे. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात सरासरी ०.३ दाणा. म्हणजे शंभरातले सुमारे ७४ चमचे बिनदाण्याचे निघतील. एक चमचा चाखून 'दाणे नाहीत' म्हणणं धोक्याचं आहे, आणि दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला ते सांगावं लागत नाही. वाटीभर, १५० मिली, घेतलंत तर सरासरी ३ दाणे येतात, आणि एकही न येण्याची शक्यता ५ टक्क्यांवर उतरते.

यातून एक कामाचा आडाखा निघतो. एखादी गोष्ट शंभरात एक असेल, तर ती निदान एकदा दिसण्यासाठी सुमारे ३०० नमुने पाहावे लागतात, तेव्हा ९५ टक्के खात्री येते. हजारात एक असेल तर ३,०००.

पातेल्यात एकच खडा असेल तर? तो चमच्याने सापडत नाही, दातानेच सापडतो. म्हणून डाळ शिजल्यावर चाखत बसण्याऐवजी आधी निवडतात.

१०. काही पदार्थ ढवळायचेच नसतात. मिसळीचं काय करायचं?

मिसळ ढवळून चाखणाऱ्याशी मी बोलत नाही. पण प्रश्न खरा आहे: वर तर्री, मध्ये रस्सा, खाली मटकी. वरून घेतलेला चमचा 'जाळ आहे' म्हणेल, तळाचा 'मिळमिळीत' म्हणेल. अशा वेळी थर ओळखायचे, प्रत्येक थरातून वेगळा चमचा घ्यायचा आणि त्या थराचा वाटा जेवढा, तेवढंच वजन त्या चमच्याला द्यायचं. तर्री भांड्यात दहावा हिस्सा असेल तर तिचा तिखटपणाही दहाव्या हिश्शानेच मोजायचा.

राज्यातल्या पाहणीत शहरं आणि गावं, कोरडवाहू आणि बागायत हे असेच थर धरतात. थरांच्या आत सगळं सारखं आणि थरांमध्ये फरक मोठा असेल, तर तेवढ्याच चमच्यांत उत्तर जास्त नेमकं येतं. शितांचं जे प्रश्न २ मध्ये सांगितलं तेच इथे थराच्या आत लागू होतं. उलट कोणत्या थराचा वाटा किती हे चुकीचं धरलं, तर सगळी मेहनत तर्रीसारखी वरच तरंगते.

११. चाखणाऱ्याचीच जीभ बिघडली असेल तर?

तर चमचा, पळी, पातेलं सगळं निर्दोष असूनही उत्तर चुकेल. सर्दी झालेल्या माणसाला चाखायला देऊ नये. सर्वेक्षणात हे प्रश्नाच्या शब्दांत होतं: 'तुम्ही घरी बायकोला कामात मदत करता ना?' असं विचारलं की किती जण 'नाही' म्हणतील?

१२. एक चमचा पुरत असेल तर अख्खी जनगणना कशाला करतात?

कारण जनगणनेला वाडी-वस्तीपर्यंतचा आकडा हवा असतो. राज्याचा चमचा राज्याची चव सांगतो, एखाद्या पाड्यावर किती मुलं शाळेबाहेर आहेत ते सांगत नाही. त्या पाड्याचा त्यात एक थेंबही आलेला नसतो. शिवाय प्रश्न ६ मधल्या चिठ्ठ्या टाकायला आधी यादी लागते, आणि ती यादी बऱ्याचदा जनगणनेच्याच गटांवरून तयार होते.

उलट बाजूही आहे, आणि ती त्याच मुलीने काढली. वर्षाच्या शेवटी ती म्हणाली, "सर, सगळं पातेलं चाखलं तर चूक शून्य, पण मग जेवायला काय उरलं?"

मी खिशातून काडेपेटी काढली आणि विचारलं, यातली प्रत्येक काडी पेटते का हे कंपनीने कसं तपासावं. तिने पेटी घेतली, हलवली, डोळे मिटून एक काडी काढली आणि ओढली. पेटली नाही. पावसाळ्याचे दिवस होते.

"आता दुसरी काढू की पेटी बदलू?" तिने विचारलं.